स्टॅकेलबर्गचे उत्तर पुन्हा कूर्नोचेच येते: चूक नेमकी कुठे होते आणि ती कशी ओळखावी

अल्पाधिकाराच्या प्रकरणावरील उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला दरवर्षी भेटते. प्रश्नात स्पष्ट म्हटलेले असते की पहिली पेढी आपले उत्पादन आधी ठरवते, दुसरी ते पाहून आपले ठरवते, म्हणजे प्रतिमान स्टॅकेलबर्गचे आहे. विद्यार्थी दुसऱ्या, म्हणजे अनुगामी पेढीचे प्रतिक्रिया फलन, म्हणजे पहिलीच्या प्रत्येक उत्पादनाला तिचे सर्वांत फायद्याचे उत्तर, अचूक काढतो, ‘शेवटच्या टप्प्यापासून मागे येऊ’ असेही लिहितो, आणि पानभर आकडेमोड करून शेवटी दोन्ही पेढ्यांचे उत्पादन समान आणतो. ते उत्तर कूर्नोच्या, म्हणजे दोन्ही पेढ्या एकाच वेळी निर्णय घेतात अशा प्रतिमानाचे असते. बेरीज-वजाबाकीत कुठेही चूक सापडत नाही, म्हणून विद्यार्थी गोंधळतो, आणि काही जण तर ‘क्रमाने फरक पडत नाही’ असा निष्कर्षही लिहून टाकतात. ही चूक एकाच ओळीत होते. ती ओळ ओळखता आली की पुढचे बहुतेक घोटाळे आपोआप सुटतात, त्यामुळे तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवणे योग्य ठरेल.

उदाहरण पाण्याचेच घेऊ, कारण आंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ मध्ये द्वयाधिकाराचे विवेचन केले तेव्हा त्यांनीही खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचे दोन मालक डोळ्यांसमोर ठेवले होते. त्यांनी उत्पादनखर्च शून्य मानला होता; येथे मी थोडा खर्च धरतो आणि आकडेही माझे घेतो. दोन पेढ्या एकसारखेच बाटलीबंद पाणी विकतात. महिन्याला दोघींचे मिळून `Q` हजार पेट्या बाजारात आल्या, तर एका पेटीची किंमत १३० वजा `Q` रुपये ठरते. दर पेटीला दोघींनाही १० रुपये खर्च येतो आणि स्थिर खर्च काही नाही. पहिलीचे उत्पादन `q1`, दुसरीचे `q2`. नफा हजार रुपयांत मोजला, तर पहिलीचा नफा असा लिहिता येतो:

```
q1*(120 - q1 - q2)
```

दोघी एकाच वेळी, एकमेकींचे उत्पादन न पाहता निर्णय घेत असतील तर प्रत्येक पेढी दुसरीचे उत्पादन दिलेले मानते आणि आपला नफा कमाल करते. त्यातून दोन प्रतिक्रिया फलने मिळतात, दोन्ही एकाच घाटाची: दुसरीच्या उत्पादनाचा अर्धा भाग ६० मधून वजा करायचा. ही दोन समीकरणे एकत्र सोडवली की प्रत्येकीचे उत्पादन ४० हजार पेट्या, एकूण ८०, किंमत ५० रुपये आणि प्रत्येकीचा नफा १,६०० येतो. हा कूर्नो समतोल आहे. येथपर्यंत सहसा कोणाचे चुकत नाही.

आता पहिली पेढी अग्रणी आहे आणि दुसरी अनुगामी, असे समजा. उत्तरपत्रिकेत नेहमी दिसणारी मांडणी अशी असते: अग्रणीच्या नफ्याचे `q1` च्या संदर्भात विकलन केले, ते शून्याशी समान ठेवले, आणि मग अनुगामीचे प्रतिक्रिया फलन त्यात घातले.

```
120 - 2*q1 - q2 = 0
q2 = 60 - q1/2
```

यातून `q1` ची किंमत ४० येते आणि `q2` चीही ४०. आकडेमोड बरोबर आहे. पण या दोन ओळी निरखून पाहा. पहिली ओळ म्हणजे कूर्नोमधील पहिल्या पेढीची अट, दुसरी ओळ म्हणजे कूर्नोमधील दुसऱ्या पेढीची अट. विद्यार्थ्याने क्रमाचा उल्लेख शब्दांत केला, पण सोडवली ती एकाच वेळी निर्णय घेणाऱ्या पेढ्यांची समीकरणे. म्हणूनच उत्तर नुसते चुकत नाही, ते नेमके कूर्नोवर जाऊन थांबते. याचा निदानासाठी चांगला उपयोग होतो: मागणी सरळ रेषेत असताना आणि दोन्ही पेढ्या प्रत्यक्ष उत्पादन करत असताना अग्रणीचे उत्पादन कूर्नोइतकेच निघाले, तर विकलन आधी आणि आदेशन, म्हणजे प्रतिक्रिया फलन नफ्यात घालणे, नंतर झाले आहे असे खुशाल समजावे.

विकलन करताना `q2` स्थिर धरणे म्हणजे अग्रणीच्या तोंडी एक चुकीचे गृहीतक घालणे होय. ‘मी उत्पादन वाढवले तरी दुसरी पेढी जागची हलणार नाही’ असे ती मानते, असा त्याचा अर्थ होतो. कूर्नोच्या पेढीने तसे मानणे योग्यच आहे, कारण तिथे दुसरीला तिचे उत्पादन निर्णयापूर्वी दिसतच नाही. अग्रणीला मात्र ठाऊक असते की तिचा आकडा पाहिल्यावरच दुसरी आपला आकडा ठरवणार आहे. म्हणून तिच्या दृष्टीने `q2` हा दिलेला आकडा नसतो, तो तिच्या स्वतःच्या निर्णयाचा परिणाम असतो. विकलन करण्यापूर्वीच प्रतिक्रिया फलन नफ्यात घालावे लागते ते यामुळे:

```
q1*(120 - q1 - (60 - q1/2)) = q1*(60 - q1/2)
60 - q1 = 0
```

अग्रणीचे उत्पादन ६० हजार पेट्या, अनुगामीचे ३०, एकूण ९०, किंमत ४० रुपये. अग्रणीचा नफा १,८००, अनुगामीचा ९००. कूर्नोशी ताडून पाहिले तर अग्रणीला २०० चा लाभ झाला, अनुगामीचे ७०० गेले आणि ग्राहकाला पेटी १० रुपयांनी स्वस्त मिळाली. दोघींचा एकत्रित नफा ३,२०० वरून २,७०० वर आला, हेही लक्षात ठेवावे. क्रमामुळे पेढ्यांच्या हाती एकूण अधिक पैसा येतो अशी समजूत अनेकांची असते आणि ती चुकीची आहे.

आधी आदेशन की आधी विकलन, एवढ्याने इतका फरक का पडतो, हे सूत्रापेक्षा एका पावलावर चांगले दिसते. दोघी ४० वर उभ्या आहेत असे समजा आणि अग्रणीला ४२ वर नेऊन पाहा. दुसरी ४० वरच राहिली असती तर एकूण उत्पादन ८२ झाले असते, दर पेटीमागे ३८ रुपये सुटले असते आणि नफा १,५९६ झाला असता, म्हणजे १,६०० पेक्षा कमीच. कूर्नोच्या पेढीला ४० वरून हलावेसे वाटत नाही ते याच कारणाने. पण अनुगामी प्रत्यक्षात ४० वर राहत नाही. समोर ४२ दिसल्यावर ती ३९ वर येते. एकूण उत्पादन ८१ होते, दर पेटीमागे ३९ रुपये सुटतात आणि अग्रणीचा नफा १,६३८ होतो. अग्रणीने जेवढे वाढवले त्याच्या निम्मे दुसरीने कमी केले, म्हणून किंमतही निम्मीच घसरली. विद्यार्थ्याच्या विकलनातून गळून पडलेले पद हेच आहे: किंमतरेषेचा उतार, प्रतिक्रियारेषेचा उतार आणि `q1` यांचा गुणाकार. आपल्या उदाहरणात ते पद `q1/2` इतके येते. ज्यांना आधी विकलन करायचेच आहे त्यांनी साखळी नियमाने हे पद जोडावे. उत्तर ६० च येईल. मला मात्र आधी आदेशन करण्याची सवय अधिक सुरक्षित वाटते, कारण त्यात हे पद विसरण्याची सोयच राहत नाही.

उत्तराची पडताळणी करण्यासाठीही हेच पाऊल वापरावे, पण दोन्ही बाजूंना. अग्रणी ५८ वर असेल तर अनुगामी ३१ वर असते, दर पेटीमागे ३१ रुपये सुटतात आणि नफा १,७९८ होतो. अग्रणी ६२ वर असेल तर अनुगामी २९ वर, दर पेटीमागे २९ रुपये, आणि नफा पुन्हा १,७९८. दोन्हीकडे १,८०० पेक्षा कमी, म्हणजे ६० हे शिखर आहे. दर वेळी अनुगामीचा आकडा नव्याने काढायला विसरू नये. तो ३० वर गोठवून पडताळणी केली तर पुढची अडचण उभी राहते.

ही अडचण चांगल्या विद्यार्थ्यांना येते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. ते म्हणतात: अनुगामी ३० वर असेल, तर पहिल्या पेढीचे स्वतःचे प्रतिक्रिया फलन तिला ४५ वर जायला सांगते, आणि तिथे तिचा नफा २,०२५ होतो. मग ६० हा समतोल कसा? आकडे अचूक आहेत आणि प्रश्नही रास्त आहे. पण ४५ वर जाऊनही अनुगामी ३० वरच राहील हे त्यात गृहीत धरले आहे. अग्रणीने ४५ घोषित केले असते तर अनुगामीने ३७.५ निवडले असते, दर पेटीमागे ३७.५ रुपये सुटले असते आणि अग्रणीचा नफा साधारण १,६८८ च्या आसपास राहिला असता. म्हणून स्टॅकेलबर्गच्या उत्तरात अग्रणीचा बिंदू तिच्या स्वतःच्या प्रतिक्रियारेषेवर नसतोच. आकृती काढताना तो त्या रेषेवर दाखवण्याचा आग्रह धरू नये. तो अनुगामीच्या रेषेवर हवा, जिथे अग्रणीची समनफा वक्ररेषा त्या रेषेला स्पर्श करते.

या शंकेच्या मुळाशी बहुधा लिहिण्यातील एक चूक असते. अनुगामीचे डावपेच म्हणून विद्यार्थी ‘३०’ हा आकडा लिहितात. अनुगामीचा डाव हा आकडा नव्हे, ते संपूर्ण फलन आहे: अग्रणीने काहीही निवडले तरी तिला काय उत्तर द्यायचे, याचा पूर्ण आराखडा. समतोल लिहायचा तर अग्रणीसाठी ६० आणि अनुगामीसाठी ‘६० वजा `q1` चा अर्धा भाग’ असा लिहावा. ३० हा त्या समतोलातून प्रत्यक्ष घडणारा परिणाम आहे.

हा भेद केवळ लेखनशिस्तीचा नाही, हे पुढील गोष्टीवरून कळेल. अनुगामीने असा डाव घेतला की ‘अग्रणी काहीही करो, मी ४० च आणणार’, तर अग्रणीचे सर्वोत्तम उत्तर ४० ठरते, आणि अग्रणी ४० वर असताना अनुगामीलाही ४० च सर्वांत फायद्याचे असते. म्हणजे क्रमाने चालणाऱ्या या खेळातसुद्धा कूर्नोचा परिणाम हा नॅश समतोल आहे. ‘क्रम असूनही उत्तर ४० आले’ असे म्हणणाऱ्याला नकळत हाच समतोल सापडलेला असतो. तो टिकत नाही त्याचे कारण धमकी पोकळ आहे: अग्रणीने खरोखर ६० हजार पेट्या बाजारात आणून ठेवल्या, तर ४० वर अडून राहिल्याने अनुगामीला ८०० मिळतात आणि ३० वर आल्याने ९००. आपल्याच नफ्याला कात्री लावून ती शब्द पाळणार नाही. शेवटच्या टप्प्यापासून मागे येण्याची पद्धत असे समतोल गाळून टाकते, कारण ती अनुगामीला प्रत्येक संभाव्य `q1` नंतर तिच्या हिताचाच निर्णय घ्यायला लावते. राइनहार्ट सेल्टेन यांनी १९६५ मध्ये उपखेळ-परिपूर्ण समतोलाची कल्पना मांडली तेव्हा नेमकी ही चाळणी तयार झाली. हाइनरिख फॉन स्टॅकेलबर्ग यांचे अग्रणी-अनुगामीचे विवेचन त्याआधीचे, १९३४ चे आहे, त्यामुळे त्यांना ही परिभाषा उपलब्ध नव्हती.

मात्र ४५ ची शंका एका अर्थाने खरी ठरू शकते, आणि ती प्रतिमानाची मर्यादा आहे. अनुगामीने आपला ३० चा आकडा पक्का केल्यानंतरही अग्रणीला स्वतःचा आकडा बदलता येत असेल, तर ती ४५ वर यायला धावेल. अनुगामीला हे आधीच कळेल, ती ३० वर थांबणार नाही, आणि सगळे पुन्हा ४०-४० वर येऊन स्थिरावेल. म्हणून अग्रणीचा निर्णय परत न फिरवता येणारा असला पाहिजे आणि तो दुसरीला दिसलाही पाहिजे. नुसत्या घोषणेने हे होत नाही. बाटल्या भरण्याची यंत्रणा उभारून त्यात पैसा अडकवणे यासारखी कृती लागते. मुंबईत जन्मलेले आणि तिथल्याच सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेले अविनाश दीक्षित यांनी १९८० मध्ये हीच बाजू उलगडली: आधी उभारलेली, परत न मिळणारी उत्पादनक्षमता ही पुढील वचनाला वजन देते. दिसण्याची अटही हलकी समजू नये. काइल बॅगवेल यांनी १९९५ मध्ये दाखवले की अग्रणीची कृती अनुगामीला थोडी जरी धूसर दिसत असली, तरी शुद्ध डावपेचांच्या समतोलात आधी चाल करण्याचा लाभ पूर्ण नाहीसा होऊ शकतो. तेव्हा प्रश्नात ‘पहिली पेढी आधी ठरवते’ एवढेच म्हटले असेल आणि दुसरीला ते दिसते असे म्हटले नसेल, तर घड्याळातील क्रम निरर्थक आहे आणि कूर्नोचेच उत्तर बरोबर आहे.

कूर्नोवर अडकण्याच्या उलट टोकाची एक चूकही अधूनमधून दिसते. विद्यार्थी आदेशन आधी करतो, पण दोन्ही पेढ्यांसाठी. मग दोघीही ६० निवडतात, एकूण १२० होते, किंमत १० रुपयांवर येते आणि दोघींचा नफा शून्य होतो. किंमत नेमकी सीमांत खर्चाइतकी निघाली की ही चूक ओळखावी. दोघींनी स्वतःला अग्रणी मानल्यावर काय होते याचे ते वर्णन आहे, पण तो समतोल नाही, कारण त्यात कोणीच दुसरीच्या प्रत्यक्ष उत्पादनाला योग्य उत्तर देत नाही.

खर्च असमान असतील तेव्हा एक वेगळीच फसगत होते, आणि ती सूत्र पाठ करणाऱ्यांची हमखास होते. अनुगामीचा खर्च दर पेटीला १० ऐवजी ३४ रुपये धरला तर अडचण काही नाही. तिचे प्रतिक्रिया फलन ४८ वजा `q1` चा अर्धा भाग होते, अग्रणी ७२ आणते, अनुगामी १२, किंमत ४६. पण तोच खर्च ६० रुपये करा. आता प्रतिक्रिया फलन ३५ वजा `q1` चा अर्धा भाग होते, नेहमीच्या रीतीने अग्रणीचे उत्पादन ८५ येते, आणि ते फलनात घातल्यावर अनुगामीचे उत्पादन उणे साडेसात निघते. बरेच जण येथे उणे आकडा पुसून शून्य लिहितात आणि अग्रणीला ८५ वरच ठेवतात. काही जण ‘दुसरी पेढी बाहेर गेली, म्हणजे मक्तेदारी’ असे समजून अग्रणीला ६० देतात. दोन्ही उत्तरे चुकतात.

प्रतिक्रिया फलनाचा तो सरळ उतार फक्त `q1` ७० होईपर्यंत खरा आहे. त्यापुढे अनुगामी शून्यावरच राहते आणि रेषेला कोपरा येतो. म्हणून अग्रणीचा नफा दोन तुकड्यांत पाहावा लागतो. ७० पर्यंतच्या तुकड्यात तो सतत वाढत जातो, कारण त्याचे शिखर ८५ वर, म्हणजे तुकड्याच्या बाहेर आहे. ७० च्या पुढे अनुगामी कमी करायला शिल्लकच नसते, प्रत्येक जादा पेटी किंमत पूर्ण घसरवते, आणि मक्तेदारीचे शिखर ६० वरच मागे राहिल्याने नफा घटत जातो. दोन्हीकडून येणारी वाट कोपऱ्यावर मिळते: अग्रणी ७० आणते, दर पेटीमागे ५० रुपये सुटतात, नफा ३,५००. ती ६० वर थांबली असती तर अनुगामी ५ हजार पेट्या घेऊन बाजारात आली असती, दर पेटीमागे ५५ रुपये सुटले असते आणि नफा ३,३०० वरच राहिला असता. ८५ वर गेली असती तर दर पेटीमागे ३५ रुपये सुटून नफा २,९७५ झाला असता. कोपऱ्यावरच्या उत्तराची खूणही स्पष्ट आहे: किंमत ६० रुपये निघते, नेमकी अनुगामीच्या खर्चाइतकी, म्हणजे तिला एकही पेटी आणणे परवडू नये एवढीच.